पेमेंटच्या मधे येणारं बँकेचं पान: बंद करण्याआधी एसएमएस वाचा

"ऑनलाइन खरेदी करताना कार्डचा नंबर टाकल्यावर मधेच बँकेचं पान उघडलं तर ताबडतोब बंद करा. ते हॅकरचं असतं, खऱ्या दुकानाला बँकेच्या पानाची गरजच नसते. तरी ओटीपी टाकायचाच असेल तर पत्त्याशेजारी कुलूप आहे का बघा. कुलूप असलं की पान शंभर टक्के खरं."

सोलापुरातल्या कितीतरी ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय. चाटी गल्लीतल्या एका चादरीच्या दुकानाच्या ऑनलाइन ऑर्डरी मी बघते. नेमक्या त्या पानावरून परत फिरलेली गिऱ्हाइकं फोन करून विचारतात, "ताई, तुमची साइट हॅक झालीय का?"

नाही. ते पान उघडतं कार्ड देणारी बँक, आणि ते नियमामुळे उघडतं. कार्डचा नंबर, मुदत आणि सीव्हीव्ही हे सगळं कार्डवरच छापलेलं असतं. कार्ड ज्याच्या हाती पडलं त्याला ते वाचता येतं. म्हणून रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहाराला कार्डवर न छापलेली आणखी एक खूण सक्तीची केली. तुम्ही 'पैसे भरा' दाबलं की आमच्या पेमेंट गेटवेकडून, म्हणजे दुकानासाठी ऑनलाइन पैसे घेणाऱ्या कंपनीकडून, विनंती रुपे, व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या जाळ्यातून तुमच्या बँकेकडे जाते. बँक तुमच्यासमोर आपलं पान उघडते, ओटीपी स्वतः तपासते आणि आम्हाला फक्त 'हो' किंवा 'नाही' कळवते. पान वेगळं असण्याचं कारणच हे आहे की ओटीपी दुकानदाराच्या हाती लागू नये. काही ॲपमध्ये ओटीपीची चौकट दुकानाच्याच पानात दिसते, आणि काही परदेशी साइटवर ओटीपी न मागताही पैसे कापले जातात. त्यामुळे पान आलं किंवा नाही आलं, एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

कुलपाचं म्हणणं मला जास्त घातक वाटतं, कारण त्याने खोटा धीर येतो. तुमचा फोन आणि ती साइट यांच्यामधलं बोलणं तिसऱ्याला वाचता येत नाही, एवढंच कुलूप सांगतं. पलीकडे कोण बसलंय ते सांगत नाही. कुलूप दिसण्यासाठी साइटला जे प्रमाणपत्र लागतं, ते चोरालाही फुकट मिळतं. क्रोमने तर २०२३ मध्ये पत्त्याशेजारचं कुलूप काढूनच टाकलं. उलट, अनेक बँका हे पान चालवायचं काम बाहेरच्या कंपनीला देतात, म्हणून अगदी खऱ्या पानाचा पत्ताही अनोळखी दिसू शकतो.

मग बघायचं काय? समजा, जाहिरातीत दिसलेल्या एका साइटवर तुम्ही १,८५० रुपयांची चादरजोडी घेताय. साइट खोटी आहे. तुम्ही कार्डचा तपशील भरला, त्याच क्षणी चोराने तो दुसऱ्या एका खऱ्या दुकानात ४८,५०० रुपयांच्या मोबाइलसाठी टाकला. तुमच्यासमोर आलेलं 'बँकेचं पान' त्याने रंगवलेलं आहे. बँकेचा लोगो, १,८५० रुपये, कार्डचे शेवटचे चार आकडे, सगळं बरोबर. ओटीपी मात्र खरोखरच तुमच्या बँकेने पाठवलेला आहे, कारण मोबाइलची खरेदी खरी आहे. इथे चोराच्या हाताबाहेरची एकच गोष्ट उरते, ती म्हणजे तुमच्या फोनवरचा एसएमएस. त्यात ओटीपीबरोबर रक्कम आणि बहुतेक वेळा दुकानाचं नावही असतं. तिथे ४८,५०० लिहिलेलं असेल.

फोनवर ओटीपी आपोआप भरला जातो आणि एसएमएस न उघडताच आपण पुढे जातो, नेमकं तिथेच फसतो. एसएमएस उघडा आणि आधी रक्कम वाचा. ती पैशापर्यंत जुळलीच पाहिजे. नावाबाबत थोडी सूट द्या: दुकानाच्या पाटीऐवजी मालकाच्या कंपनीचं किंवा गेटवेचं नाव येऊ शकतं. शंका आली तर दुकानाला फोन करून विचारा. पानावर एटीएमचा पिन किंवा नेटबँकिंगचा पासवर्ड मागितला, तर रक्कम जुळली तरी थांबा. ओटीपी तपासायला बँकेला त्यातलं काहीच लागत नाही.

आता पान बंद करण्याबद्दल. ओटीपी देण्याआधी बंद केलंत तर त्या व्यवहाराचे पैसे सहसा जात नाहीत, पण पान खोटं असेल तर कार्डचा तपशील चोराकडे गेलेलाच असतो. म्हणून रक्कम जुळली नाही तर नुसतं पान बंद करून भागत नाही. लगेच बँकेच्या ॲपमधून कार्ड ब्लॉक करा. ओटीपी देऊन बसला असाल तर बँकेला आणि सायबर फसवणुकीची तक्रार घेणाऱ्या १९३० या क्रमांकावर त्याच मिनिटाला कळवा. पान खरं असेल आणि ओटीपी टाकल्यावर घाबरून बंद केलंत, तर पैसे कापले जाऊनही ऑर्डर आमच्यापर्यंत न पोहोचण्याची शक्यता असते. तसं झालं तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते.