मामांच्या बेचाळीस फ्रेम

लग्नाचा व्हिडिओ एडिट करणाऱ्याला सगळ्यात जास्त छळतो तो नवरीचा मामा. परवा कागलचे असेच एक मामा राजारामपुरीतल्या माझ्या खोलीत आले, खुर्ची ओढून माझ्या कोपराला कोपर लावून बसले आणि म्हणाले, "मी किती हाय त्यात?"

मामा भाचीला मांडवात घेऊन येतात, एवढाच त्यांचा शॉट. तो निघाला अठ्ठावन्न फ्रेमचा. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर सव्वादोन सेकंदांच्या जरा वर. गाण्याची ओळ मात्र बरोब्बर चार सेकंदांची, म्हणजे १०० फ्रेम. बेचाळीस कमी.

शूटिंग करणाऱ्या पोराला शंभरदा सांगितलंय, आधी दोन सेकंद नि नंतर दोन सेकंद जादा रेकॉर्ड कर, त्याला हँडल म्हणतात. फोन केला तर म्हणतो, "दादा, तेवढ्यात पंगत बसली ओ." याच कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी स्वतःचा कॅमेरा घडवला. त्या काळी हँडल कॅमेऱ्यालाच असायचं, ते जोरात फिरवलं की पडद्यावर माणूस संथ चालायचा. आता बटण दाबलं की काम होतं, तरी ते दोन सेकंद उशिरा बंद करायला आमच्या पोराचं बोट जड होतं. ५० फ्रेमवर घेतला असता तरी निम्मा वेग खऱ्या फ्रेमवर मिळाला असता. घेतला २५ वर. असो.

"हळू कर की," मामांनीच उपाय सांगितला. केला ५८ टक्के वेग, भरली ओळ. पण फ्रेम तेवढ्याच, त्यामुळे मधल्या जागा भरायला काही काही फ्रेम दोनदा दिसतात आणि चालणारा माणूस अडखळतो. मामांनी निरखून पाहिलं. "ह्यो तर प्यालेला माणूस हाय. गावात काय म्हणतील?" मग संगणकाला मधल्या फ्रेम स्वतः बनवायला लावल्या. चाल गुळगुळीत झाली, पण भाचीच्या हातापुढून मामांचा हात गेला तिथं हिरवा चुडा काकवीसारखा ओघळला. "बांगड्या वितळल्या की ओ!"

बरं, शेवटची फ्रेम थिजवली. बेचाळीस फ्रेम, म्हणजे जवळजवळ पावणेदोन सेकंद. मामांचे डोळे अर्धे मिटलेले, तोंड उघडं, मागच्या समईची ज्योत दगडासारखी. मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हार घालायचा तेवढा राहिलाय बघ."

इथं माझं डोकं फिरलं. शॉट संपला की उलटा जोडला. मामा भाचीला घेऊन चार पावलं पुढं आले आणि तसेच मागं मागं चालत तिला दारातून परत घेऊन गेले. खाली पडलेल्या अक्षता उडून बायकांच्या मुठीत शिरल्या.

"आरं! नवरीला परत न्यायला आलतो व्हय मी?" मामा उभेच राहिले. "मोडलं का काय लगीन?"

मामांना चहा पाजला. तो पीत असताना शॉट पुन्हा सुरुवातीपासून पाहिला. पहिल्या सोळा फ्रेम मामा दारात नुसते उभे. अक्षता अजून पडायच्या आहेत, पापणी हलत नाही, मागं एक पाहुणे पान चघळतायत. पान सुलटं चघळलं काय नि उलटं चघळलं काय, देवालाही कळायचं नाही. उलटायचं ते इथंच. त्या सोळा फ्रेम उलट्या करून शॉटच्या आधी जोडल्या, वळणावरची एक उडवली, नाहीतर तीच फ्रेम लागोपाठ दोनदा येऊन झटका बसतो. राहिल्या पंधरा. मग सगळ्याचा वेग ८० टक्के. हळूहळू चालणारा माणूस एवढा फरक खपवून घेतो. अठ्ठावन्नच्या बहात्तर झाल्या, पंधराच्या एकोणीस. एक्क्याण्णव. उरलेल्या नऊ फ्रेम शेवटची थिजवून भरल्या आणि त्यावर बारा फ्रेमचा डिझॉल्व्ह टाकला. पुढचा शॉट वर चढत असताना ज्योत थांबली हे कोण बघतंय? शंभर.

मामांनी अकरा वेळा बघितला. मी श्वास धरून. शेवटी म्हणाले, "आत्ता कसं! पयल्यापास्नं असाच हुता की. उगं दोन तास घालवलंस." बाकीच्या पैशाचा विषय काढला तर म्हणाले, "पावण्यांस्नी इचारून सांगतो."

रात्री मामांचं स्टेटस दिसलं. माझ्या मॉनिटरसमोर फोन उभा धरून केलेलं शूटिंग. पडद्यावर काळे पट्टे सरकतायत, मागं माझा कुलर घरघरतोय, आणि भाची फ्रेमच्या बाहेर. मामा तेवढे पुरे चार सेकंद.