एफएफटी घेऊन नुसतं गुणलं तर उत्तर चुकतं

"कन्व्होल्यूशन शिकण्यात वेळ घालवू नका. इनपुटचा एफएफटी घ्या, इम्पल्स रिस्पॉन्सचा घ्या, गुणा, उलटा एफएफटी करा. कुठल्याही सिस्टिमचं आउटपुट हातात!"

हा मजकूर भाचीने मला पाठवला, तोही प्रॅक्टिकलची वही चुकीच्या उत्तरांनी भरून झाल्यावर. त्यामुळे चिडूनच लिहितोय.

तिचंच गणित घेऊ. इनपुट x म्हणजे १, २, ३, ४ आणि इम्पल्स रिस्पॉन्स h म्हणजे १, १, १. इनपुटचं प्रत्येक सॅम्पल म्हणजे तेवढ्या उंचीचा एक इम्पल्स. सिस्टिम त्याला तेवढ्या पटीने आपला इम्पल्स रिस्पॉन्स देते. हे चार रिस्पॉन्स एकेक घर पुढे सरकवून मांडा आणि उभी बेरीज करा:

```
1 1 1
  2 2 2
    3 3 3
      4 4 4
-----------
1 3 6 9 7 4
```

हेच कन्व्होल्यूशन. आता मजकुरातल्या रीतीने चार-चार बिंदूंचे एफएफटी घेतले, तर उत्तर येतं ८, ७, ६, ९. चार घरांत सहा आकडे मावत नाहीत, म्हणून शेवटचे ७ आणि ४ गोल फिरून पहिल्या दोन घरांत जाऊन बसतात: १+७ आणि ३+४. दोन्ही उत्तरांची बेरीज ३० येते, त्यामुळे बेरीज करून पाहणाऱ्याला चूक सापडत नाही. पहिला आकडा पाहा. पहिलं सॅम्पल १ आलंय, पुढचं अजून यायचंय, मग आउटपुट ८ कुठून येणार? त्यासाठी सिस्टिमला पुढे येणारे ३ आणि ४ आधीच ठाऊक असायला हवेत!

उपाय सोपा आहे. लांबी किमान ४+३−१, म्हणजे ६ घ्या, उरलेल्या जागी शून्यं भरा:

```
np.fft.ifft(np.fft.fft(x,6)*np.fft.fft(h,6)).real
```

scipy.signal.fftconvolve सुद्धा आतून शून्यं भरूनच गुणतं. ज्यांनी ती लायब्ररी लिहिली त्यांनाही ही पायरी टाळता आली नाही.

गुणाकाराची गोष्ट खरी आहे, हे मान्य करावं लागेल. ट्रान्सफर फंक्शन H(s) म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्सचाच लाप्लास ट्रान्सफॉर्म, म्हणून Y(s) = H(s)X(s). सिग्नल आणि रिस्पॉन्स दोन्ही लांब असले की एफएफटीचा रस्ता कितीतरी वेगवान असतो, हेही खरं.

पण "कुठल्याही सिस्टिमचं" हे साफ खोटं. सिस्टिम रेषीय हवी आणि वेळेनुसार न बदलणारी हवी. इनपुट दुप्पट केल्यावर अँप्लिफायरचं आउटपुट वरून कापलं जात असेल, तर वरची उभी बेरीजच लागू होत नाही. शिवाय सुरुवातीला सिस्टिम रिकामी हवी. आरसी सर्किटमधला कपॅसिटर आधीच ५ व्होल्टला चार्ज असेल, तर शून्य इनपुटला H(s)X(s) शून्य सांगेल. प्रत्यक्षात मीटरवर 5e^(−t/RC) उतरताना दिसेल, आणि तो भाग वेगळा मिळवावा लागेल.