कट्ट्यावरचा अर्थतज्ज्ञ कसे व्हावे

ऐरोलीहून ठाण्याला उतरायचं, तलावपाळीवर शेंगदाण्यांची पुडी घ्यायची आणि कुणी "सरकार नुसतं लुटतंय हो" म्हणालं की शांतपणे म्हणायचं, "बॉयन्सी किती आहे ते बघा आधी." मग दोन शेंगदाणे तोंडात टाकायचे. तेवढ्या वेळात निम्मा कट्टा गप्प होतो.

बॉयन्सी म्हणजे कराची वसुली किती टक्के वाढली, भागिले उत्पन्न किती टक्के वाढलं. देशासाठी उत्पन्न म्हणजे महागाई धरूनचा जीडीपी. उत्तर एकापेक्षा जास्त आलं की कर उत्पन्नाच्या पुढे धावतोय, कमी आलं की मागे रेंगाळतोय. लवचिकतेचा भागाकारही हाच, फक्त दर, स्लॅब, सवलती काही बदललंच नाही असं धरून केलेला. हा फरक कट्ट्यावर चुकूनही सांगू नका. भांडण तिथेच मिटेल आणि उरलेली संध्याकाळ काय करणार?

स्वतःसाठी मात्र एकदा पगाराची स्लिप काढून बसा. समजा पगार १६,७५,००० आहे. ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन करपात्र उरले १६ लाख. नव्या प्रणालीत २०२५-२६ च्या स्लॅबने त्यावर कर होतो १,२०,००० (सेस सोडून देऊ, टक्केवारीत फरक पडत नाही). आता पगार १० टक्के वाढवा. करपात्र रक्कम १७,६७,५०० झाली. वाढीव पैसा सगळाच्या सगळा २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये पडला, म्हणून कर १,५३,५००. पगार वाढला १०, कर जवळपास २८ टक्के. लवचिकता २.८! आणि वर्षभरात महागाईही १० टक्केच वाढली असेल, तर भाजी-दूध-भाड्याच्या हिशेबात तुम्ही तिथेच आहात. महागाईबरोबर स्लॅब आपोआप सरकत नाहीत. सरकारने दर वाढवला नाही, ब्रही काढला नाही, आणि तरी जास्त वसूल केलं. याला मी तरी अर्थशास्त्रातली सगळ्यात सभ्य पाकीटमारी म्हणेन.

पण कट्ट्यावर हा आकडा न्यायचा की नाही, ते समोर कोण बसलंय त्यावर ठरवा. कारण हीच पगारवाढ २०२४-२५ आणि २०२५-२६ या दोन वर्षांमध्ये मोजली तर चित्र उलटतं. आधीच्या वर्षीच्या स्लॅबने १६ लाखांवर कर होता १,७०,०००. मग अर्थसंकल्पात स्लॅब सैल झाले. म्हणजे पगार १० टक्के वर आणि कर १,७०,००० वरून १,५३,५००, सुमारे १० टक्के खाली. बॉयन्सी जवळजवळ उणे एक. माणूस तोच, पगार तोच. एक आकडा २.८ आणि दुसरा उणे एक. सरकार आवडत असेल तर दुसरा सांगा, नसेल तर पहिला. खोटं कुठलंच नाही.

बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी मला यावर एकदा अडवलं होतं. "उणे म्हणजे वसुली घटली, एवढं तरी खरं ना?" म्हणाले. तेही खरं नाही, काका. २०२०-२१ मध्ये टाळेबंदीने देशाचं उत्पन्न आदल्या वर्षीपेक्षा घटलं, पण केंद्राची उत्पादन शुल्काची वसुली भरभरून वाढली. २०२० च्या मार्च आणि मे मिळून पेट्रोलवरचं केंद्रीय शुल्क लिटरमागे १३ रुपयांनी वाढवलं होतं आणि डिझेलवरचं १६ रुपयांनी. खाली उत्पन्न उणे, वर वसुली अधिक, म्हणून बॉयन्सी उणेच. माझ्या स्लिपवर उणे आलं कर घटल्यामुळे, तिथे आलं उत्पन्न घटल्यामुळे. चिन्ह एकच, तिजोरीची कथा बरोबर उलटी. उत्पन्न जेमतेम हललेल्या वर्षी तर हा भागाकार वाट्टेल ते बोलतो. म्हणून मुरलेली माणसं एकाच वर्षाचा आकडा धरून बसत नाहीत, बऱ्याच वर्षांचा कल बघतात. तुम्ही अर्थातच एकच वर्ष धरा, सोयीचं.

आणि अगदीच अडलात तर स्लिपच्या तळाशी या. व्यवसाय कर दरमहा २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. राज्यघटनेच्या कलम २७६ मधली ही कमाल मर्यादा १९८८ मध्ये २५० वरून २,५०० झाली, ती अजून तिथेच आहे. तुमचा पगार पंधरा लाखांवरून तीस लाख झाला तरी हा कर एक रुपया हलणार नाही. लवचिकता शून्य. नोकरदारांची डोकी वाढली तरच राज्याची वसुली वाढायची.

फेब्रुवारीची स्लिप आली की ऑफिसात कुणीतरी हमखास विचारतो, "या महिन्यात शंभर रुपये जास्त का कापले?" आयकराच्या रकान्याकडे तो बघतही नाही. त्याला बघायला लावू नका, चहा पाजा.