गोंगाटाची सवय होते, पण कशाची किंमत देऊन?

"शहरातल्या आजच्या आईबापांनी मुलं नाजूक करून ठेवलीत! १) गोंगाटाची सवय होते. गोंगाटात वाढलेल्या मुलांची एकाग्रता उलट जास्त असते, आम्ही चाळीत रेडिओच्या आवाजात अभ्यास केला. २) शास्त्रज्ञांनी उंदरांना दाटीवाटीत ठेवलं तर ते एकमेकांना खाऊ लागले, गर्दीतला माणूसही तसाच होतो. ३) उकाड्याने माणूस भांडकुदळ होतो वगैरे सगळी एसीवाल्यांची जाहिरातबाजी. पटलं तर पुढे पाठवा."

हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर काकांनी टाकला, तोही ताईला उत्तर म्हणून. ताईचं घर लोकलच्या रुळांना लागून आहे आणि भाचा चौथीत. त्याचं टेबल खिडकीतून हलवावं का, एवढंच तिने विचारलं होतं. मेसेज आल्यावर ती गप्प बसली. मला मात्र गप्प बसवत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

पहिला मुद्दाच सगळ्यात घातक आहे, तेव्हा आधी तोच घेते.

न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या उत्तर टोकाला, इनवुड भागात, पब्लिक स्कूल 98 नावाची शाळा आहे. तिच्या एका बाजूच्या वर्गांसमोरून उंचावरची रेल्वे जाते. दुसऱ्या बाजूचे वर्ग शांत. 1970च्या दशकात पर्यावरण मानसशास्त्राच्या प्राध्यापिका आर्लिन ब्रॉन्झॅफ्ट यांनी तिथल्या मुलांचे वाचनाचे गुण काढून पाहिले. शाळा तीच, वस्तीही तीच, फरक फक्त वर्ग कुठल्या बाजूला आहे याचा. रुळांकडच्या वर्गांसमोरून साधारण दर साडेचार मिनिटांनी गाडी जायची आणि अर्धा मिनिट बोललेलं ऐकू यायचं नाही. हिशेब केला तर शिकवण्याचा जवळजवळ नववा भाग वाया. सहावीपर्यंत पोचताना गोंगाटाच्या बाजूची मुलं वाचनात सुमारे वर्षभर मागे पडलेली होती. हा अभ्यास 1975 मध्ये प्रसिद्ध झाला.

"तो वेळच वाया गेला, डोक्यावर परिणाम कुठे झाला?" असं काका म्हणतील, म्हणून पुढचं सांगते. त्याच शहरात हमरस्त्याच्या डोक्यावर बांधलेल्या उंच इमारतींतल्या मुलांचा अभ्यास कोहेन, ग्लास आणि सिंगर यांनी 1973 मध्ये मांडला. इथे गोंगाट शाळेत नव्हता, घरात होता. खालच्या मजल्यांवर जास्त, वर जाल तसा कमी. मुलांना एकाच ध्वनीचा फरक असलेल्या शब्दांच्या जोड्या ऐकवल्या आणि शब्द तेच की वेगळे, एवढं विचारलं. खालच्या मजल्यांवरच्या मुलांना हा फरक कमी कळायचा आणि त्यांचं वाचनही कच्चं होतं. तिथे चार वर्षं किंवा जास्त राहिलेल्या मुलांत हे ठळक दिसलं.

ज्याला आपण सवय म्हणतो ती हीच. सतत आवाज असला की मूल कान मिटायला शिकतं. पण गाडीचा आवाज तेवढा गाळून बोलणं आत घ्यायचं, इतकी बारीक चाळणी लहान वयात तयार झालेली नसते. ते आवाजासकट माणसाचं बोलणंही गाळायला लागतं. वाचन शिकण्याचा पाया मात्र ध्वनीतला फरक ओळखण्यावर उभा असतो.

गेल्या रविवारी मी भाच्याला खिडकीजवळच बसवून शुद्धलेखन घातलं. 'पाठ' सांगितलं, त्याने 'पाट' लिहिलं. 'खाट'चं 'काट' झालं. मग धडा मोठ्याने वाचायला लावला. गाडी आली की तो शब्दाच्या मधे थांबायचा आणि गाडी गेल्यावर एक ओळ गाळून पुढे सुरू. आपण ओळ गाळली हे त्याला कळतही नव्हतं. एका मुलावरून मी सिद्धांत मांडत नाही. पण काकांनी तासभर तिथे बसून बघावं.

अर्धं खरं आहे ते मान्य करते. रुळांजवळ राहायला गेलेला माणूस पहिले काही दिवस रात्री दचकून उठतो, नंतर कमी उठतो. पण गाडी गेली की झोपेतही हृदयाचे ठोके वाढतात आणि ते वाढणं फारसं कमी होत नाही. आपण जागे होत नाही म्हणून शरीराने ऐकलं नाही, असं होत नाही.

राहिला चाळीतला रेडिओ. त्याचं बटण काकांच्या हाताशी होतं. ग्लास आणि सिंगर यांनी प्रयोगशाळेत माणसांना अधूनमधून, केव्हाही येणारा कर्कश आवाज ऐकवला. काहींना आवाज बंद करायचं बटण दिलं, पण शक्यतो दाबू नका असं सांगितलं. बहुतेकांनी ते दाबलं नाही. तरी आवाज थांबल्यावर दिलेल्या अवघड कोड्यांशी बटणवाले जास्त वेळ झटले, मुद्रितशोधनात त्यांच्या चुकाही कमी झाल्या. आपल्या हातात काही आहे, हे नुसतं माहीत असण्याने एवढा फरक पडतो. भाच्याच्या हातात लोकलचं बटण नाही.

उंदरांचं थोडक्यात. प्रयोग खरा आहे, जॉन कॅल्हून यांनी 1962 मध्ये तो प्रसिद्ध केला आणि त्यात पिल्लं खाल्ली गेली हेही खरं. पण तिथली खोली चार कप्प्यांची होती. टोकाच्या कप्प्यांत जायला एकच वाट, ती एखादा दांडगा नर अडवून बसे, म्हणून बाकीचे मधल्या कप्प्यांत कोंबले जात. म्हणजे दाटी मांडणीतून आलेली होती. माणसांचं बघायचं तर रॉबर्ट मिचेल यांनी हाँगकाँगच्या अतिशय दाट वस्तीचा अभ्यास केला, तो 1971 मध्ये आला. नुसत्या दाटीने फारसं काही बिघडलेलं दिसलं नाही. ताण आणि वैर वाढलं ते नात्यात नसलेल्या कुटुंबांना एकाच घरात राहावं लागलं तिथे, आणि तेही वरच्या मजल्यांवर, जिथून पटकन बाहेर पडता येत नाही. चाळीला गॅलरी होती आणि जिना दोन पावलांवर. चाळीचं कौतुक करायचं तर त्या गॅलरीचं करा, गोंगाटाचं कशाला?

उकाड्याबद्दल एकच. ॲरिझोनातल्या फीनिक्स शहरात सिग्नल हिरवा झाल्यावरही मुद्दाम गाडी थांबवून ठेवली आणि मागचे किती हॉर्न वाजवतात ते मोजलं. हा 1986चा अभ्यास. पारा चढेल तसे हॉर्न वाढले आणि काचा खाली असलेल्या गाड्यांत, म्हणजे जिथे एसी नसावा तिथे, हे जास्त स्पष्ट दिसलं. जाहिरात कोणी केली नव्हती.

आता पुन्हा त्या शाळेकडे. पालकांनी आरडाओरडा केल्यावर रुळांखाली रबराच्या गाद्या बसवल्या गेल्या आणि वर्गांच्या छताला आवाज शोषणारे तक्ते लागले. ब्रॉन्झॅफ्ट यांनी नंतर पुन्हा गुण तपासले, ते 1981 मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही बाजूंच्या मुलांचं वाचन सारखं झालं होतं.

ताई, टेबल आतल्या भिंतीला लाव. खिडकीला जाड पडदा लावलास तर लाव, पण पडद्याने आवाज फार अडत नाही. फटी बुजवल्यास जास्त अडेल. शुद्धलेखन मी दर रविवारी घालीन आणि वही जपून ठेवीन. दिवाळीनंतर ती काकांना दाखवू.