शून्य ओलांडणारा प्रेडिक्शन इंटरव्हल नेमकं काय सांगतो

"सायकोथेरपीच्या २० चाचण्यांत आय-स्क्वेअर ७५ टक्के, म्हणजे पाऊण निकाल जुळतच नाहीत. वर प्रेडिक्शन इंटरव्हल शून्य ओलांडतो. उपचार बेभरवशाचा आहे. नाशिकमध्ये दर दहा रुग्णांत एखाद्याला अपायच होणार." (नाशिकच्या समुपदेशकांमध्ये फिरणारा मेसेज)

आय-स्क्वेअर परिणामांचा पसारा मोजत नाही. एकत्र मांडलेल्या चाचण्यांच्या निकालांत दिसणाऱ्या फरकापैकी किती वाटा निव्वळ योगायोगाचा नाही, एवढंच तो सांगतो. समजा, सरासरी परिणाम, म्हणजे तुलनेच्या गटापेक्षा जास्त झालेली सुधारणा, ०.६० आहे, खऱ्या परिणामांचं प्रमाण विचलन म्हणजे टाऊ ०.३५ आहे आणि प्रत्येक चाचणीची प्रमाण त्रुटी ०.२० आहे. आय-स्क्वेअर येतो ७५ टक्के. आता त्याच चाचण्या मोठ्या करून त्रुटी ०.१० वर आणा. पसारा तसूभरही बदलला नाही, तरी आय-स्क्वेअर ९२ टक्क्यांवर जातो. म्हणून त्यावरून पसाऱ्याबद्दल बोलायचंच नाही, टाऊ पाहायचा.

प्रेडिक्शन इंटरव्हल म्हणजे एखाद्या नव्या ठिकाणी खरा परिणाम कुठून कुठपर्यंत असू शकतो, तो पट्टा. तो टाऊवरूनच निघतो. आपल्या उदाहरणात सरासरीची प्रमाण त्रुटी ०.०९ येते. तिचा वर्ग आणि टाऊचा वर्ग मिळवून वर्गमूळ काढलं की ०.३६. त्याला २० चाचण्यांसाठीच्या टी-मूल्याने, म्हणजे २.१० ने गुणलं की ०.७६. इंटरव्हल झाला उणे ०.१६ ते १.३६. शून्य ओलांडला, खरं. पण सरासरीचा कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.४२ ते ०.७८ आहे, म्हणजे सरासरी फायदा पक्का आहे. शून्याखाली किती जातं ते मोजायला हवं होतं: याच हिशेबाने नव्या १०० ठिकाणांपैकी साधारण ६ ठिकाणी खरा परिणाम शून्याखाली, आणि ०.२० पेक्षा कमी, म्हणजे नगण्यच, सुमारे १४ ठिकाणी. ही गोष्ट गंभीर आहे, लपवू नये. पण 'उपचार बेभरवशाचा आहे' हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

सगळ्यात घातक चूक शेवटच्या वाक्यात आहे. इथे मोजमाप ठिकाणांचं आहे, रुग्णांचं नाही. गंगापूर रोडवरच्या खासगी केंद्रात आणि निफाडच्या सरकारी दवाखान्यात सरासरी परिणाम वेगळा असू शकतो, एवढंच इंटरव्हल सांगतो. एका केंद्रातल्या दहा जणांपैकी कोणाचं काय होईल, हे त्यात नाही. शून्याखालचा परिणाम म्हणजेही तुलनेच्या गटापेक्षा कमी सुधारणा. त्या केंद्रातले लोक बिघडले असा त्याचा अर्थ नाही.

मग हा पसारा येतो कुठून? मला पहिला संशय तुलनेच्या गटाचा. प्रतीक्षायादीशी तुलना केलेल्या चाचण्यांत परिणाम नेहमीच्या उपचाराशी तुलना केलेल्यांपेक्षा सहसा मोठा दिसतो. दोन्ही एकत्र मिसळले की टाऊ फुगतो. ते वेगळे करून हिशेब पुन्हा मांडावा. मात्र एका गटात पाच-सहाच चाचण्या उरल्या, तर टाऊचा अंदाजच डळमळीत होतो आणि नव्या इंटरव्हलवर तेवढाच कमी विश्वास ठेवता येतो.