अंगठी, मोबाइल आणि ‘सिद्ध करून दाखव’

‘चोरीचा मोबाइल ज्याच्या खिशात सापडला तोही निर्दोष सुटला! निर्दोष होता तर त्यानं ते सिद्ध करायला नको? गप्प बसला म्हणजे चोरच. संशयाचा फायदा ही वकिलांनी काढलेली पळवाट आहे.’

हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर आत्यानं टाकला आणि खाली लिहिलं, ‘आपल्या स्वयंपाकाच्या मावशींनाही हेच लागू.’ महालक्ष्मीच्या जेवणानंतर तिची अंगठी सापडत नाहीये. मावशींना कामावरून काढलंय. म्हणून हे लिहितोय.

आधी ‘सिद्ध करून दाखव’ हेच घेऊ, कारण सगळ्यात जास्त नुकसान यानंच होतं. त्या दिवशी घरात चाळीसेक माणसं जेवून गेली. अंगठी हरवल्याचं दोन दिवसांनी लक्षात आलं. आता मावशींनी काय दाखवायचं? झडती दिली तर ‘विकली असेल’, घर दाखवलं तर ‘बहिणीकडे ठेवली असेल’. न घडलेल्या गोष्टीचा पुरावा कुठून आणायचा? हीच अट लावली तर त्या दिवशी जेवायला आलेला मीसुद्धा सुटणार नाही. म्हणून कायद्याचा नियम सरळ आहे: जो म्हणतो ‘हे घडलं’, त्यानं ते दाखवायचं. १८७२ च्या पुरावा कायद्यात हा नियम कलम १०१ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तो कलम १०४ मध्ये आहे.

आता मोबाइल. समजा, सीताबर्डीच्या गर्दीत फोन गेला आणि चार महिन्यांनी आयएमईआय नंबरवरून तो एका पोराकडे सापडला. पोरगा म्हणतो, बाजारात दोन हजारांना घेतला, बिल नाही. सरकारी पक्षाला एकेक कडी जोडावी लागते. फोन तक्रारदाराचाच आहे, हे बिलावरच्या नंबरवरून दिसेल. तो याच पोराकडून जप्त झाला, हे पंचांनी सांगायचं. पंच कोर्टात म्हणाला, ‘मी ठाण्यात तयार कागदावर सही केली, जप्ती पाहिली नाही,’ तर मेसेजमधलं ‘खिशात सापडला’ हेच डळमळीत होतं. आणि जप्ती टिकली तरी चोरी यानंच केली, किंवा चोरीचा माल आहे हे माहीत असून ठेवला, हे उरतंच. चार महिन्यांत फोन तीन हात फिरू शकतो.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. चोरीनंतर लगेच माल कोणाकडे सापडला आणि त्याला तो कसा आला ते सांगता आलं नाही, तर कोर्ट त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकतं. त्याच संध्याकाळी फोन सापडला असता तर माझं मतही वेगळं असतं. विनातिकीट प्रवासाचं उदाहरण तर कायद्यानंच दिलंय: तिकीट होतं हे प्रवाशानं दाखवायचं, कारण ते फक्त त्यालाच माहीत असतं. पण चोरीच्या मालाबाबतही आरोपीचा खुलासा पटण्याजोगा असला की पुरतो, त्यानं तो शंकेपलीकडे सिद्ध करायचा नसतो.

गप्प बसण्याबद्दल फार लिहायला नको. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती आरोपीवर करता येत नाही, हे संविधानाच्या अनुच्छेद २०(३) मध्येच आहे.

राहिली पळवाट. शंका म्हणजे मनात येईल ती कोणतीही शंका नव्हे. ‘भूतानं फोन खिशात टाकला असेल’ ही वाजवी शंका नाही. ‘पंचानं जप्ती पाहिलीच नाही’ ही आहे, कारण ती पुराव्यातून निघते. शिवाजी साहबराव बोबडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की आरोपी दोषी ‘असू शकतो’ आणि दोषी ‘असलाच पाहिजे’ यांत लांबचं अंतर आहे, आणि शिक्षेसाठी ‘असलाच पाहिजे’ हेच लागतं. मेसेज पाठवणाऱ्यांनी त्याच निकालाचा पुढचा भागही वाचावा. शंकेच्या नियमाची अती भक्ती केली तर गुन्हेगार मोकाट सुटतील, असंही न्यायालयानं तिथेच बजावलंय आणि त्या खटल्यात दोषी ठरवणं कायम ठेवलंय. पळवाट असती तर ते आरोपीही सुटले असते.

मोबाइलच्या खटल्यात कोर्टाला काय पटलं असतं? चोरीच्या रात्रीच त्या फोनमध्ये पोराच्या नावाचं सिम चालू झाल्याची कंपनीची नोंद. ती असती तर बाजाराची गोष्ट तिथेच संपली असती. ती आणायचं काम तपास करणाऱ्यांचं, पोराचं नव्हे.

आत्या, तुझ्याकडे मावशींविरुद्ध अशी कोणती नोंद आहे? त्या दिवशी आतल्या खोलीत कोण कोण गेलं, हे तू अजून एकालाही विचारलेलं नाहीस. आधी ते विचार. आणि मावशींचा या महिन्याचा पगार आजच देऊन ये.