दीडने भागून मिळते ती पायाची लांबी नव्हे

"जपानी दुकानातून बूट मागवायला पाय मोजायची गरज नाही. आपल्या नंबरात ३४ मिळवा, युरोपियन नंबर येतो. त्याला दीडने भागा, पायाची लांबी सेंटीमीटरमध्ये मिळते. ८ म्हणजे ४२, म्हणजे २८ सेंमी. वर अर्धा सेंमी जास्त घ्या, बूट चावणार नाही."

मुख्य चूक भागाकाराच्या उत्तराला दिलेल्या नावात आहे. युरोपियन मापाची एक पायरी दोन तृतीयांश सेंटीमीटरची असते, त्यामुळे ४२ला दीडने भागून २८ येतात हे गणित बरोबर आहे. पण ती लांबी बूट ज्या साच्यावर, म्हणजे फर्म्यावर, बेततात त्याची असते. चालताना बोटे पुढे सरकतात, म्हणून फर्मा पायापेक्षा साधारण दीड ते दोन सेंटीमीटर लांब ठेवतात. म्हणजेच ४२ नंबर बहुधा २६ ते २६.५ सेंमी लांबीच्या पायाचा असतो.

३४ मिळवण्याची युक्ती ८ नंबरला जुळते, म्हणूनच ती खरी वाटते. आपल्याकडे बहुतेक बुटांवर ब्रिटिश नंबर असतो आणि त्याची पायरी एक तृतीयांश इंचाची, म्हणजे सुमारे ८.५ मिलिमीटरची असते. युरोपियन पायरी मात्र ६.७ मिलिमीटरच्या आसपास आहे. पायऱ्याच असमान असल्याने ८पासून दूर जाल तसा फरक वाढतो: ११ नंबरला सूत्र ४५ सांगते, पण फर्म्याच्या लांबीवरून उत्तर ४६च्या जवळ येते.

अर्धा सेंटीमीटर वाढवण्याचा सल्ला मला सर्वांत नुकसानकारक वाटतो. जपानी बुटावरचा २६.५ हा आकडा बुटाच्या आतल्या लांबीचा नसून ज्या पायासाठी बूट केला आहे त्या पायाच्या लांबीचा असतो, आणि बोटांपुढची मोकळी जागा त्यात आधीच धरलेली असते.

माझेच माप पाहा. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, भिंतीलगत कागद ठेवून टाच भिंतीला टेकवली, दोन्ही पायांवर वजन देऊन उभा राहिलो आणि सर्वांत लांब बोटापुढे पेन्सिल उभी धरून खूण केली. डावा पाय २६.१, उजवा २६.४ सेंमी भरला. मोठा पाय धरून २६.५ मागवायचे, घरातल्या ८ नंबरच्या बुटाच्या जिभेवरही JP पुढे तोच आकडा आहे. वरच्या सूत्राने मी २८.५ मागवला असता, म्हणजे तीन युरोपियन नंबर मोठा, ज्यात प्रत्येक पावलाला टाच वर उचलली गेली असती.

दुकानाच्या तक्त्यात आतल्या तळव्याची लांबी दिली असेल, तर मात्र ती पायाची समजू नये. अशा वेळी आपला व्यवस्थित बसणारा बूट घ्यावा, त्याचा सुटा तळवा बाहेर काढून मोजावा आणि त्या लांबीशी तुलना करावी.